निळ्या पँटवरची पांढरी लव

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली, की अकोट आणि दर्यापूरकडच्या गावांतल्या शाळांत एक दृश्य दर वर्षी दिसते. प्रार्थनेच्या रांगेत काही मुलांचे गणवेश स्वच्छ असतात आणि काहींच्या गडद निळ्या पँटवर, स्कर्टवर पांढरी लव चिकटलेली असते. ही मुले कोण हे कोणाला विचारावे लागत नाही. वेचणी चालू असते, भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवलेला असतो, आणि ज्या खोलीत कापूस असतो त्याच खोलीत मुले झोपतात, अभ्यास करतात आणि शाळेचे कपडेही तिथल्याच खुंटीला टांगलेले असतात.

अशाच एका सकाळी आम्ही एका मुलाला रांगेतून बाहेर काढले आणि कपडे झटकून ये म्हणून सांगितले. तो मैदानाच्या कडेला जाऊन बराच वेळ हाताने पँट झटकत राहिला आणि तसाच परत आला. आम्ही रागावलो. तेव्हा तो म्हणाला, "सर, झटकलं तं अजूनच चिपकते जी."

आम्हांला ती सबब वाटली. मधल्या सुट्टीत मात्र आमच्याच टेरिकॉटच्या पँटवर थोडी रुई टाकून पाहिली. कोरड्या हाताने चारपाच वेळा झटकल्यावर निम्मी खाली पडली आणि उरलेली पहिल्यापेक्षा घट्ट बसली. मुलाचे निरीक्षण अचूक होते, आमचे रागावणे चुकीचे. मग पुढचे दोन आठवडे आठवीच्या वर्गाबरोबर आम्ही याच प्रश्नाच्या मागे लागलो. हा लेख म्हणजे त्या शोधाची हकिगत आहे.

सुरुवात वजनापासून करावी, कारण बाकीचे सारे त्यावरच अवलंबून आहे. आपल्या भागात लावल्या जाणाऱ्या संकरित कापसाचा एक तंतू साधारण २८ मिलीमीटर लांब असतो. कापसाच्या बाजारात तंतूची जाडी किंवा तलमपणा ज्या मापाने सांगतात, ते माप म्हणजे एक इंच लांबीच्या तंतूचे मायक्रोग्रॅममधले वजन. हा आकडा बहुधा चारच्या आसपास असतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलीमीटर. तेव्हा २८ मिलीमीटरच्या तंतूचे वजन सुमारे साडेचार मायक्रोग्रॅम भरते. एका ग्रॅममध्ये दहा लाख मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे एक ग्रॅम रुईत दोन लाखांहून अधिक तंतू झाले. हे गणित मुलांकडूनच करून घ्यावे. चिमूटभर रुई हातात धरून उत्तर ऐकताना त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

आता केसांवर घासलेल्या पट्टीने कागदाचे कपटे उचलण्याचा नेहमीचा प्रयोग आठवा. पाच मिलीमीटर बाजूचा चौकोनी कपटा, वहीच्या साध्या कागदाचा, सुमारे दीड मिलीग्रॅमचा असतो. म्हणजे १५०० मायक्रोग्रॅम, अर्थात सव्वातीनशेहून जास्त तंतूंएवढा. जी विद्युत एवढा कपटा वर उचलू शकते, तिला एक तंतू धरून ठेवायला काहीच कष्ट नाहीत. गुरुत्वाकर्षण या तंतूंच्या बाबतीत जवळजवळ नावालाच उरते. म्हणून झटकल्यावर ते 'पडत' नाहीत. त्यांना कोणीतरी सोडावे लागते.

धरून कोण ठेवते, हा पुढचा प्रश्न. दोन वेगवेगळे धरणारे आहेत. एक विद्युतप्रभार आणि दुसरा कापडाच्या पृष्ठभागावरची अडकण. बहुतेक वेळा आपण या दोघांची गल्लत करतो आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर करत बसतो.

प्रभाराची गोष्ट आधी पाहू. गणवेशाचे टेरिकॉट हे बहुधा दोन भाग पॉलिएस्टर आणि एक भाग कापूस अशा मिश्रणाचे असते. पॉलिएस्टरचा हा धागा, ज्याला आपण टेरिलीन म्हणतो, इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी १९४१ मध्ये शोधला. तो मजबूत, चुरगळत नाही, लवकर वाळतो. लवकर वाळतो याचे कारणच आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. तो पाणी जवळजवळ घेतच नाही. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असताना १०० ग्रॅम कोरडा कापूस हवेतून सातआठ ग्रॅम पाणी शोषून घेतो, आणि तेवढेच पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा घेत नाही. कापडाच्या अंगात पाणी असले, की घर्षणाने आलेला प्रभार त्या ओलाव्यातून हळूहळू पसरतो आणि अंगावाटे, हवेवाटे निघून जातो. पॉलिएस्टरवर त्याला वाटच नसते, तो आला तिथेच बसून राहतो.

म्हणजे सुती कापड कायम सुरक्षित का? तसेही नाही. आर्द्रता २० टक्क्यांवर आली की कापसाच्या अंगातले पाणीही शंभराला तीनच्या आसपास उरते. हवेची आर्द्रता बारातेरा टक्क्यांनी उतरली, की सुताचा विद्युतरोध साधारण दसपट होतो. वऱ्हाडातली पावसाळी हवा आणि इथली फेब्रुवारी-मार्चची दुपार यांत आर्द्रतेचा फरक पन्नास टक्क्यांच्या घरात सहज जातो. तेव्हा तेच सुती कापड एका ऋतूत जवळजवळ वाहक असते आणि दुसऱ्या ऋतूत चांगले रोधक. मुंबईच्या आतेभावाच्या पँटला कापूस का चिकटत नाही, असे एका मुलीने विचारले होते. त्याच्या घरात कापूस नसतो हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे तिथल्या दमट हवेत आहे.

आता त्या मुलाचे वाक्य उलगडते. कोरड्या हाताने पॉलिएस्टर झटकले, की हाताच्या आणि कापडाच्या घर्षणाने कापडावर ऋण प्रभार जमतो आणि हातावर धन. हातावरचा शरीरातून जमिनीत जातो, कापडावरचा राहतो. प्रत्येक झटक्याबरोबर सैल तंतू पडतात, पण उरलेल्यांना धरणारा प्रभार वाढतो. तंतूवर स्वतःचा प्रभार नसला तरी चालते. प्रवर्तनाने त्याच्या जवळच्या टोकाला विरुद्ध प्रभार येतो आणि तो ओढला जातो, अगदी कागदाच्या कपट्यासारखा. फरक एवढाच, की धातूच्या पत्र्यावर येऊन टेकलेला कपटा पत्र्याचा प्रभार घेऊन लगेच उडी मारून दूर जातो. पॉलिएस्टर आपला प्रभार असा सहजासहजी देत नाही. तंतू दोनचार बिंदूंवर टेकलेला, आणि त्या बिंदूंतून येणारा प्रभार नगण्य. म्हणून तो चिकटलेलाच राहतो.

दुसरा धरणारा म्हणजे कापडाची बांधणी. 'अमुक वीण लव ओढते' असे आपण सहज म्हणतो, पण ओढण्याचे काम विद्युत करते. वीण फक्त पकडते. आणि पकडण्यात विणीपेक्षाही धाग्याचा वाटा मोठा असतो. आखूड तंतू पिळून केलेल्या सुताच्या धाग्यातून शेकडो टोके बाहेर आलेली असतात. खादीचा तुकडा उन्हाकडे तिरपा धरून पाहिला तर ही बारीक दाढी स्पष्ट दिसते. बाहेरून आलेला तंतू तिच्यात गुंततो. कापसाचा तंतू नळीसारखा गोल नसतो. बोंड फुटून वाळताना तो चपटा होतो आणि फितीसारखे वेढे घेतो. या वेढ्यांमुळेच त्याचे सूत निघते, आणि त्यामुळेच तो दुसऱ्या टोकांभोवती अडकतोही. याउलट अस्तराचे चकचकीत साटीन अखंड, गुळगुळीत धाग्यांचे असते. त्यात पकडायला टोकेच नसतात.

मग विणीचा परिणाम येतो. साध्या विणीत ताणा आणि बाणा एकाआड एक वरखाली जातात, पृष्ठभाग घट्ट आणि सपाट राहतो, पॉपलिनसारखा. ड्रिल किंवा जीनच्या तिरप्या विणीत कर्णाच्या दिशेने बारीक सऱ्या पडतात, आणि तंतू त्या सऱ्यांत जाऊन बसतात. विणलेल्या स्वेटरला तर फासेच असतात. मखमल आणि फ्लॅनेल यांत धागे कापून किंवा खरवडून मुद्दाम उभे केलेले असतात, त्यामुळे तिथे पडलेला तंतू गवतात पडलेल्या काडीसारखा खोल जातो.

हे सगळे सांगून मुलांना पटत नाही, आणि पटूही नये. म्हणून तुकडे जमवले. एका शिंप्याने चिंध्या मोठ्या उदारपणे दिल्या. खादी, पॉपलिन, गणवेशाचे टेरिकॉट, पॉलिएस्टर साटीनचे अस्तर, मखमल आणि जुन्या लोकरी स्वेटरची बाही. सगळे गडद रंगाचे घेतले, कारण पांढऱ्या खादीवर पांढरी लव असली तरी दिसत नाही आणि ती उगाचच स्वच्छ ठरते. दहा सेंटीमीटरचे चौकोन कापून कडा पुठ्ठ्यावर डकवल्या.

पहिला दिवस फुकट गेला. रुईचे पिंजलेले तंतू आणि तुकडा प्लॅस्टिकच्या बरणीत घालून आम्ही हलवले, आणि बहुतेक रुई बरणीलाच आतून चिकटून बसली. बरणी तुकड्यापेक्षा जास्त प्रभारित झाली होती. दुसऱ्या दिवशी बुटाचे पुठ्ठ्याचे खोके घेतले. त्यात चिमूटभर पिंजलेली रुई आणि एक तुकडा ठेवून वीस वेळा हलवायचे, तुकडा बाहेर काढून उलटा धरायचा, मागून तीन टिचक्या मारायच्या, आणि मधल्या एका चौरस इंचात उरलेले तंतू भिंगातून मोजायचे. प्रत्येक तुकड्यावर ही कृती तीन प्रकारे केली. आधी तुकडा तसाच घेऊन, मग लोकरीने दहा वेळा घासून, आणि शेवटी घासलेल्या, तंतू चिकटलेल्या तुकड्यावर पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला रुमाल अलगद टेकवून.

मोजणीतल्या आकड्यांत गटागटांत फरक पडला, कारण टिचकी प्रत्येकाची वेगळी. पण क्रम सगळ्यांचा सारखाच आला. साटीन न घासता जवळजवळ कोरे निघाले, आणि घासल्यावर त्यावर तंतू अक्षरशः उभे राहिले. काही तर आपले मोकळे टोक जवळ येणाऱ्या बोटाकडे वळवत होते. ओला रुमाल टेकताच ते बहुतेक सगळे रुमालाबरोबर आले किंवा टिचकीने पडले. टेरिकॉटचे तसेच, पण काही तंतू मागे राहिले, कारण त्यात सुताची टोकेही असतात. पॉपलिनवर घासल्याने फरक थोडाच पडला. खादी, स्वेटर आणि मखमल यांना घासण्या न घासण्याचे फारसे सोयरसुतक नव्हते. तंतू आधीही होते, नंतरही होते, आणि मखमलीवर ओल्या रुमालाचाही उपयोग झाला नाही.

यातून घरी करण्याजोगी साधी परीक्षा मिळते. पिळलेला ओला रुमाल टेकवला आणि लव सुटली, तर ती प्रभाराने धरली होती. सुटली नाही, तर ती अडकली आहे.

मांजराच्या केसांचा प्रकार थोडा वेगळा आहे. कापूस भरलेल्या घरात उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजर. त्याची झोपायची आवडती जागा म्हणजे कोणाचा तरी स्वेटर. मांजराला दोन प्रकारचे केस असतात, वरचे लांब राठ आणि आतले आखूड मऊ. कपड्यांवर जास्त त्रास देतात ते आतले. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे खवले असतात आणि त्यांची मोकळी कड केसाच्या टोकाकडे असते. स्वतःच्या डोक्यावरचा एक लांब केस मुळासकट उपटून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा, आणि बोटे केसाच्या लांबीच्या दिशेने पुढेमागे चोळा. केस एकाच दिशेने सरकत जातो, मुळाचे टोक पुढे. केस उलटा धरला तरी मूळच पुढे. हा प्रयोग वर्गात हमखास जमतो.

कुसळाचेही असेच असते. गवतातून चालताना कुसळ धोतरात शिरते ते पुढेच जाते, मागे येत नाही, कारण त्याच्या मागे वळलेल्या बारीक काट्यांना एकच दिशा ठाऊक असते. मांजराचा केस कापडावर पडला आणि आपण हालचाल करू लागलो, की प्रत्येक हालचालीबरोबर तो मुळाच्या दिशेने विणीत आणखी शिरतो. म्हणून आज पडलेला केस आज निघतो, आणि आठवडाभर वापरलेल्या स्वेटरमधला चिमट्याने ओढावा लागतो. कापसाच्या तंतूला खवले नसतात. तो गुंततो, पण असा चालत आत जात नाही.

आता काढण्याविषयी. टेरिकॉटच्या गणवेशासाठी आम्ही वर्गाच्या दाराशी एक सुती पंचा टांगला आणि शेजारी पाण्याचे भांडे ठेवले. पंचा भिजवून इतका पिळायचा की थेंब पडता कामा नये, आणि कमरेकडून खाली एकाच दिशेने फिरवायचा. 'दमट' आणि 'ओला' यांतला फरक इथे महत्त्वाचा आहे. दमटपणाने कापडावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर येतो आणि प्रभार निघून जातो. कापड खरोखर ओले झाले, तर तंतू आणि कापड यांच्यामध्ये पाणी भरते आणि ते पाणीच पृष्ठताणाने तंतूला चिकटवून धरते. एका गटाने पँट चांगली ओली केली आणि लव जास्तच बसली अशी तक्रार केली, ती या कारणाने. कोरड्या दुपारी दमटपणा दहापंधरा मिनिटांत उडतो आणि बाकावर घासून प्रभार पुन्हा येतो, हीसुद्धा या उपायाची मर्यादा आहे.

अडकलेल्या लवेला गुंडाळावे लागते. स्वच्छ रबराचा हातमोजा किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचा धुतलेला तुकडा कापडावर छोट्या फटक्यांनी एकाच दिशेने ओढला, की रबराच्या पकडीमुळे तंतू आणि केस एकमेकांभोवती गुंडाळून त्यांची वळी बनते आणि ती उचलता येते. ड्रिलवर हे सऱ्यांना आडवे करावे. सरीच्या दिशेने ओढले तर सरीत बसलेला तंतू रबराखालून तसाच राहतो. स्वेटरलाही हाच उपाय चालतो, पण हलक्या हाताने. मखमलीसाठी चिकटपट्टी बरी, ती बोटांभोवती उलटी गुंडाळून नुसती टेकवावी, ओढू नये. उन्हात पडून राहिलेली जुनी चिकटपट्टी मात्र वापरू नये. तिचा डिंक मऊ होऊन कापडावर राहतो आणि पुढची सगळी लव त्याला चिकटते.

धुण्याने लव जाते हा समज अर्धाच खरा आहे. लव असलेली पँट तशीच बादलीत टाकली, की चोळण्याने तंतू सुताच्या टोकांभोवती आणखी पिळले जातात. टॉवेल आणि पँट एका बादलीत भिजवले, तर टॉवेलचे सुटलेले तंतू पँटवर येतात. सर्वांत मोठी चूक शेवटच्या पाण्यात होते. सुटलेली बरीचशी लव पाण्यात तरंगत असते, आणि आपण बादली कलंडून पाणी कपड्यांमधून जाऊ देतो. कपडा तेव्हा गाळण्याचे काम करतो आणि सगळी लव स्वतःवर घेतो. कपडा आधी पाण्यात हलवत बाहेर काढावा, मग पाणी ओतावे, आणि शेवटचे पाणी नवे घ्यावे. पँट उलटी करून धुतली तर उरलेली लव निदान आतल्या बाजूला राहते.

मोजणी चालू असताना तिसऱ्या गटाने भिंगाखाली एक हिरवट चपटा धागा दाखवला. तो रुईचा नव्हता. आम्ही चिमूट ज्या कापसातून घेतली होती तो खताच्या प्लॅस्टिकच्या पोत्यात भरून आला होता, आणि हा त्या पोत्याचा सुटलेला धागा होता. आणखी शोधल्यावर त्याच चिमटीत एक लांब केसही सापडला, बहुधा वेचणाऱ्या कोणा बाईचा. कपड्याला कापूस चिकटतो तसेच कापसालाही काय काय चिकटते, हे आमच्या तोपर्यंत मनातही आले नव्हते.

हे मात्र निव्वळ गणवेशापुरते नाही. पोत्याचा धागा आणि केस जिनिंगमध्ये रुईबरोबर जातात, गाठीत बांधले जातात आणि सुतात येतात. प्लॅस्टिकचा धागा कापसाचा रंग घेत नाही, आणि केसही कापसासारखा रंगत नाही, म्हणून रंगवलेल्या कापडावर ते डागासारखे उठून दिसतात. अशा भेसळीमुळे भारतीय कापसाला बाहेरच्या गिरण्यांत कमी लेखले जाई, आणि २००० साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात ही भेसळ कमी करणे हा एक प्रमुख हेतू होता. वेचताना डोक्याला सुती फडके बांधावे, ओटी आणि पोती सुती कापडाची असावीत, प्लॅस्टिकची नकोत, हा सल्ला त्याच कारणासाठी दिला जातो. ओटी सुतीच का, हे आता आमच्या आठवीला वेगळे सांगावे लागले नाही. सुती ओटीचे तंतू सुटले तरी ते कापूसच असतात.

रांगेतून बाहेर काढलेल्या त्या मुलाने दुसऱ्या दिवशी घरच्या खोलीतून आणलेल्या कापसाचे एक बोचके टेबलावर ठेवले आणि भिंग मागितले. मधल्या सुट्टीपर्यंत त्याने त्यातून पोत्याचे अकरा धागे आणि मांजराचे चार केस वेगळे काढून कागदावर चिकटवले होते, आणि केसांची मुळे कोणत्या बाजूला आहेत त्याच्या खुणाही केल्या होत्या.